करारात न बसलेलं नाव

मी यंत्रांची कागदपत्रं जर्मनमधून इंग्रजीत आणि मराठीत आणते. हे वाक्य मी लग्नकार्यात सांगितलं की समोरचा माणूस 'अरे वा' म्हणतो आणि पुढच्या क्षणी जेवणाच्या रांगेकडे बघायला लागतो. त्याची चूक नाही. गिअरबॉक्सचं तेल कधी बदलावं यावर कुणी किती वेळ बोलणार? नाशिकरोडला तिसऱ्या मजल्यावर माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. त्यातल्या एका खोलीत मी आणि माझे शब्दकोश, दुसऱ्या खोलीत गादी आणि इस्त्रीचे कपडे. भाऊ पुण्यात असतो, दिवाळीला येतो. एरवी दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे दूधवाला आणि कुरिअरवाला, आणि तेही एका वाक्यापलीकडे जात नाहीत. मी मुळात फार गोड स्वभावाची बाई नाही, हेही सांगून टाकते. चुकीच्या ठिकाणी स्वल्पविराम दिसला तर माझा अख्खा दिवस खराब जातो.

पण दुपारचे चार वाजले की मी काकांना फोन करायचे.

काका म्हणजे माझे कुणी नातेवाईक नव्हेत. देवळ्याकडचे, तरुणपणी नाशिकला आले आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये हेल्परपासून फोरमनपर्यंत चढले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सिडकोत राहतात. बायको गेली, मुलगी सुरतेला. आमची ओळख झाली तीही एका शब्दामुळे. एका मॅन्युअलमध्ये दात्यांचं चाक एकाच बाजूला फिरू देणाऱ्या तुकड्याला शब्दकोशाने असं काही बारशाचं नाव दिलं होतं की ते वाचून कामगार हसला असता आणि मशीन सोडून निघून गेला असता. कुणीतरी काकांचा नंबर दिला. त्यांनी आधी विचारलं, तो तुकडा वर बसतो की बाजूला, स्प्रिंगने दाबलेला आहे का, सुटताना आवाज करतो का. मग म्हणाले, 'खटका म्हणा ना सरळ. आमच्याकडं सगळे खटकाच म्हणत्यात.' मी तो शब्द लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा फोन केला.

असं सात वर्षं चाललं. दिवसभर अडलेले शब्द मी एका कागदावर उतरवून ठेवायची आणि चारला एकेक विचारायची. काका उलट प्रश्न करायचे. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला त्यांना ते मशीन दिसायला लागायचं आणि मग तेच मला सांगायचे की याच्या मागे अमुक असणार, बघा पुढच्या पानावर. पुढच्या पानावर ते असायचं. मला त्याचं फार कौतुक वाटायचं. त्यात काही धोका आहे असं माझ्या एकदाही मनात आलं नाही.

फक्त गुरुवारी फोन नसायचा. गुरुवारी काका त्यांच्या जुन्या कारखान्यात जायचे. निवृत्त झाले तरी तिथले लोक त्यांना आठवड्यातून एक दिवस बोलवायचे, कुठे काही अडलं असेल तर बघायला. त्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालतात असं एकदा बोलता बोलता त्यांनी सांगितलं होतं. संध्याकाळी सहाशिवाय घरी येत नसत, म्हणून गुरुवारचे शब्द मी शुक्रवारी विचारायची.

मग ती मेल आली.

नाशिकमधल्याच एका कंपनीची होती. कोणती ते सांगणार नाही, आणि मशीन कोणतं होतं तेही सांगणार नाही. कंपनीने एका जर्मन भागीदाराबरोबर नवीन मशीन आखलं होतं. बाजारात आलेलं नव्हतं, पेटंटचा अर्जही अजून टाकलेला नव्हता. डिझाइनची सगळी कागदपत्रं जर्मनमध्ये होती आणि जुळणी करणाऱ्या लोकांना ती कळायला हवी होती. चांगलं वर्षभराचं काम, आणि जर्मनही असं नीटस की नमुन्याचं एक वाक्य वाचूनच मला लिहिणाऱ्याचा हात आवडला. मेलला गोपनीयतेचा करार जोडलेला होता. अकरा पानांचा.

पूर्वी असे करार मी कुरिअरच्या पावतीवर सही करावी तशी सही करून परत पाठवायची. एकदा त्याने माझी फजिती झाली. काम संपल्यावर एका कंपनीने लेखी मागितलं की सगळ्या प्रती नष्ट केल्या आहेत असं कळवा. मी फायली पुसल्या, कागद फाडले, आणि लिहून देणार तेवढ्यात आठवलं की माझ्या भाषांतराच्या सॉफ्टवेअरची जी ट्रान्सलेशन मेमरी असते, त्यात त्यांचं प्रत्येक वाक्य जोडीने जसंच्या तसं बसलेलं आहे, आणि ती मेमरी मी दुसऱ्या दोन कामांत मिसळली होती. ती निवडून काढायला मला आठ दिवस लागले. तेव्हापासून मी करार आधी वाचते, चष्मा पुसून.

करार वाचून व्हायच्या आतच त्यांच्या डिझाइन विभागाच्या प्रमुखाने एक गोची केली. चाळिशीतला, कामाचा, घाईचा माणूस. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं की एक-दोन ड्रॉइंगचे फोटो पाठवतो, म्हणजे मॅडमना कामाचा अंदाज येईल. मी लगेच लिहिलं, पाठवू नका. सही होण्याआधी तुमची एक रेघसुद्धा माझ्या फोनमध्ये नको. उद्या ते ड्रॉइंग कुठे दिसलं तर कोणत्या कागदाने मी बांधलेली होते हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही. पानं किती, शब्द किती, तेवढं सांगा, त्यावरून मला अंदाज येतो. त्याने अंगठा पाठवला. मला वाटतं त्या क्षणी त्याला मी जरा कटकटी वाटले असणार. मी आहेच.

करार मी दोन दिवस वाचला. पहिल्या पानावर सही करणारी कंपनी कोण आहे ते बघितलं, तर नाव वेगळंच, त्यांच्याच घरातल्या दुसऱ्या कंपनीचं. मग 'गोपनीय माहिती' म्हणजे काय, तर आम्ही तुम्हाला जे काही सांगू, दाखवू, बोलू ते सगळं, आधीचं आणि नंतरचं. म्हणजे बेअरिंगमध्ये गोळ्या असतात हेही त्यांचं गुपित झालं. मला आधीपासून माहीत असलेलं, बाजारात उघड असलेलं, दुसऱ्याकडून रीतसर कळलेलं आणि कोर्टाने मागितलेलं वगळा, असं कुठेही नव्हतं. असल्या करारात हे चार अपवाद नसतील तर सही करू नये. एका कलमात पुढची पाच वर्षं अशाच मशीनच्या दुसऱ्या कुठल्याही कारखान्याचं काम करायचं नाही, अशी बंदी गुपचूप घुसवलेली होती. अशी बंदी आपल्याकडे कायद्यात टिकत नाही म्हणतात. पण न टिकणारी दोरी गळ्यात तरी कशाला अडकवून घ्यायची? नुकसान झालं तर भाषांतरकाराने सगळं भरून द्यायचं, त्याला काही मर्यादा नाही. आणि मुदत कायमची. मी मेल्यावरसुद्धा गप्प बसायचं होतं.

आणि सातवं कलम. ही माहिती कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही स्वरूपात, पूर्ण किंवा अंशतः कळवणार नाही. हा करार झाला आहे हेसुद्धा कळवणार नाही.

हे वाक्य मी आधीच्या करारांतही कितीदा पाहिलं असेल. त्या दिवशी चार वाजायला दहा मिनिटं होती, टेबलावर दुसऱ्या एका कामाचा शब्दांचा कागद तयार होता आणि मी त्या 'कोणत्याही व्यक्तीस'वर पेन्सिल टेकवून बसले. काका ही व्यक्तीच होती. जुन्या कामांचे करार कपाटातून काढून बघितले. दोन करारांत हेच वाक्य होतं, माझी सही होती, आणि त्या दोन्ही कामांचे शब्द मी काकांना विचारले होते. नुसता शब्द विचारला, ड्रॉइंग कुठे दाखवलं, असं मी स्वतःला समजावून पाहिलं. पण एका शब्दावरून अख्खं मशीन सांगणारा माणूस मीच कौतुकाने पाहिला होता. मला स्वतःची लाज वाटली. चारचा फोन मी तरीही केला, दोनच शब्द विचारले आणि डोकं दुखतंय म्हणून ठेवला.

यावर रीतसर मार्ग असतो. करारात मदतनिसाचं नाव घालायचं. त्याने अशाच कागदावर सही करायची, मग त्याला गरजेपुरतं विचारता येतं. मी सगळे मुद्दे पेन्सिलने मांडले आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या कंपनीत गेले.

डिझाइनप्रमुख एका काचेच्या खोलीत बसला होता, चहा आला. मी आधी विचारलं की ही कागदपत्रं मला द्यायचा तुम्हाला अधिकार आहे का, कारण निम्मी तर जर्मन भागीदाराची आहेत. तो आत जाऊन त्यांचा आपसातला करार घेऊन आला. त्यात भाषांतरकाराला देता येईल असं होतं, पण त्यालाही त्याच अटींनी बांधून घ्यावं लागणार होतं. हे बरं झालं. मग आम्ही एकेक कलम घेतलं. कंपनीचं नाव दुरुस्त झालं. चार अपवाद आले. पाच वर्षांची बंदी त्याने स्वतःच खोडली, म्हणाला, हे कुठल्या तरी जुन्या नमुन्यातून आलंय. नुकसानीला मर्यादा आली. मी इंटरनेटवरचं भाषांतराचं कुठलंही फुकट यंत्र वापरणार नाही, ट्रान्सलेशन मेमरी माझ्याच लॅपटॉपवर त्यांच्या कामापुरती वेगळी ठेवीन, आणि काम संपल्यावर तीसुद्धा पुसून तसं लिहून देईन, असं मी घातलं. हे त्यांच्या करारात नव्हतंच. तो म्हणाला, 'मॅडम, तुम्ही आमच्या बाजूने आहात की तुमच्या?' मी म्हटलं, कागद नीट असला की दोघांच्याही बाजूने असतो.

मग सातवं कलम आलं. मी म्हटलं, एक मदतनीस, फक्त शब्दांसाठी, अशाच कागदावर सही करेल. तो म्हणाला, काही हरकत नाही, नाव सांगा.

मी काकांचं नाव सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं.

काका ज्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि दर गुरुवारी जिथे जात होते, तो कारखाना याच मशीनच्या धंद्यात यांच्या समोर उभा होता. मला हे माहीत होतं. म्हणजे दोन्ही गोष्टी मला वेगवेगळ्या माहीत होत्या, आणि सात वर्षांत त्या मी एकदाही शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या. काका माझ्यासाठी कुठल्या कारखान्याचे नव्हतेच. चार वाजताचे होते.

डिझाइनप्रमुख सभ्यपणे बोलला. काकांना तो ओळखत होता, त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन माणसं यांच्याकडे होती. त्यांच्या सचोटीबद्दल त्याला शंका नव्हती. पण अर्ज टाकण्याआधी ही कल्पना बाहेर गेली आणि कुठे उघड झाली तर पेटंटच हातचं जाईल, आणि भागीदार त्यालाच जाब विचारेल. दर आठवड्याला समोरच्या कारखान्यात चहा पिणाऱ्या माणसाचं नाव तो या कागदावर घालू शकत नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही घातलं नसतं, आणि हेच मला जास्त लागलं. भांडायला जागाच नव्हती.

मी म्हटलं, रोज चारला मी त्यांना दहाएक शब्द विचारते. ठीक, या कामाचे विचारणार नाही. बाकीच्या कामांचे विचारीन.

तो म्हणाला, 'मॅडम, रोज दहा शब्द विचारणारं माणूस दोनच विचारायला लागलं, तर ते काकांना कळणार नाही का? जे विचारत नाही, ते आमच्या लाइनचं आहे, एवढं तर त्यांना लगेच समजेल.'

त्याचं बरोबर होतं. मला उठून जावंसं वाटलं. काम नको म्हणायचं आणि घरी जाऊन चारला फोन करायचा, इतकं सोपं होतं ते. मी खिडकीबाहेर त्यांच्या लोकांना गाडीतून पत्रे उतरवताना बघत बसले. पण मी छप्पन्न वर्षांची एकटी बाई आहे, असं काम मला रोज येत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या नमुन्याच्या वाक्याने मला आधीच धरलं होतं. ते मशीन मला आतून बघायचं होतं.

मी दोन गोष्टी मागितल्या. पहिली म्हणजे करार झाला आहे हे कळवायचं नाही, यात बदल करायचा. कंपनीचं नाव नाही, मशीन नाही, पण 'काही काळ मी कामाविषयी कुणाशीच बोलू शकत नाही' एवढं वाक्य म्हणायची मला मुभा हवी. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, सात वर्षं रोज येणारा फोन कारण न देता बंद करणं मला जमणार नाही. दुसरी गोष्ट मुदतीची. कायमची मुदत नको. त्याने सांगितलं की अर्ज महिन्या-दोन महिन्यांत जाईल, आणि अर्ज टाकल्यापासून साधारण अठरा महिन्यांनी तो सरकारी जर्नलमध्ये छापून येतो. मग आम्ही असं लिहिलं की अर्जात जे छापून आलं ते त्या दिवसापासून खुलं. मापं, मापात चालणारी सूट, माल कुठून घेतात वगैरे बाकीचं पाच वर्षं बंद. आणि छापून आलं की त्यांनी मला कळवायचं. तो म्हणाला, नुकसानभरपाईच्या कलमावर लोक दोन-दोन महिने भांडतात, तुम्ही मात्र यावर अडून बसलात. काकांना मशीन कधी सांगता येईल, याची तारीख मी मागत होते, हे त्याला सांगून काय उपयोग होता?

दुरुस्त केलेल्या करारावर सह्या झाल्या, मग फायलींचा पासवर्ड आला.

काकांना मी त्याच दिवशी चारला सांगितलं. त्या एका वाक्याची मी मनात तयारी केली होती तरी ते मला वाकडंच बोलता आलं. म्हटलं, काका, आता काही काळ मी कामाबद्दल कुणाशीच बोलू शकत नाही. कुठल्याच कामाबद्दल. शब्द विचारता येणार नाहीत.

त्यांनी काही विचारलं नाही. कुणाचं, कसलं, का, काही नाही. नुसतं म्हणाले, 'किती दिवस?'

'पावणेदोन वर्षं. कदाचित.'

मग म्हणाले, 'मंग चार वाजता मी काय करू?'

मी एवढे दिवस फक्त माझ्याच चार वाजण्याचा विचार करत होते. मी घाईघाईने म्हटलं की फोन करत जाईन ना, शब्दांशिवायही बोलता येतं. ते म्हणाले, हो, येतं की.

येत नाही. दुसऱ्या दिवशी चारला मी फोन केला. ते सवयीने म्हणाले, 'हां, बोला ताई', आणि माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. सात वर्षांत आम्ही शाफ्ट, बुश, आटे, पत्रे सगळ्यांबद्दल बोललो होतो आणि काकांना भाजी कोणती आवडते हे मला माहीत नव्हतं. मी हवेबद्दल विचारलं. नाशिकची हवा सिडकोत आणि नाशिकरोडला फारशी वेगळी नसते. त्यांनी माझ्या भावाची चौकशी केली, मी त्यांच्या मुलीची. चार मिनिटांत संपलं.

तरी आम्ही सोडलं नाही. दोघंही हट्टी. रोजचा फोन एक दिवसाआड झाला, पण गुरुवार सोडून चालू राहिला. काका मेथीत लसूण जास्त घालतात हे मला कळलं. मला रात्री झोप लागत नाही हे त्यांना कळलं. कधी कधी तेही फोनवर गप्प आणि मीही गप्प, पलीकडे त्यांचा कुकर शिट्टी द्यायचा, आणि मग 'ठेवू का?' 'ठेवा.'

काम मात्र अपूर्व होतं. असं मशीन मी आधी वाचलं नव्हतं. एका पानावर इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती होती की मी खुर्चीतून उठले आणि खोलीभर फिरले. हे कुणाला तरी सांगायलाच हवं असं आतून वाटत होतं, आणि सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं. त्या दिवशी चारला मी त्यांना सांगितलं की खाली नवीन किराणा दुकान निघालंय. फोन ठेवल्यावर मला रडू आलं. एकटेपणाची मला सवय आहे, पण आनंद झालेला असताना एकटं असणं मला सोसत नाही, हे तेव्हा समजलं. एका भागाला नाव सापडत नव्हतं, तिथे मी शेवटी नावच दिलं नाही, तो काय करतो ते वाक्यात लिहिलं. वाईट झालं ते वाक्य. काकांना विचारता आलं असतं तर दोन अक्षरांत उरकलं असतं.

काम संपलं. मी सगळं पुसलं, मेमरी पुसली, जादा ठेवलेली हार्ड डिस्क पुसली, तसं लिहून दिलं. माझ्याकडे त्या मशीनचा एक कागद उरला नाही, फक्त डोक्यात ते फिरत राहिलं.

आणि एका दुपारी डिझाइनप्रमुखाची मेल आली. करारातल्या शब्दाप्रमाणे त्याने कळवलं होतं, अर्ज छापून आला आहे, प्रत जोडली आहे. मी ती दोनदा वाचली. ती युक्ती तिथे आकृतीसकट छापलेली होती, कुणालाही बघता येईल अशी. करार झाल्याला वीस महिने झाले होते.

त्या दिवशी गुरुवार होता. मी शुक्रवारपर्यंत थांबू शकले असते. पण चार वाजले आणि माझ्याच्याने राहवेना. कारखान्याच्या आवाजात त्यांना फोन ऐकू येणार नाही हे माहीत असूनही लावला. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला. मागे कसलाही आवाज नव्हता.

मी विचारलं, आज कारखान्यात गेला नाहीत का? ते म्हणाले, नाही, आता जात नाही. माझ्या डोक्यात तेव्हा फक्त मशीन होतं, मी ते ऐकूनही पुढे गेले. म्हटलं, काका, आता सांगता येतं, छापून आलंय. आणि मी सुरुवात केली, तो भाग कुठे बसतो, स्प्रिंग कुठे आहे, सुटतो कसा. त्यांनी नेहमीसारखा एकही उलटा प्रश्न केला नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, लय भारी केलंय. मग म्हणाले की मशीन असं असेल हे माहीत नव्हतं, पण कुणाचं आणि कोणत्या जातीचं ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

मी विचारलं, कसं?

'दुसरं कुठलं काम असतं, तर तुम्ही कागदावर माझं नाव घालून घेतलं असतं. मी सही केली असती. मला टाळायचं कारण एकच हाय ना, ताई. आमचा कारखाना.'

मी कुणाला सांगितलं नव्हतं. एक शब्द नाही. पण कळायचं ते कळलंच होतं. मी घाबरून विचारलं की मग तिकडे, कारखान्यात, कधी विषय निघाला का?

'निघाला असता म्हणून तर जाणं सोडलं. तुमचा रोज फोन येतो हे तिथं सगळ्यांना ठावं. चहाला पोरं विचारत्यात, काका, त्या भाषांतरवाल्या ताईंचं काय चाललंय. सध्या काय विचारत नाय, एवढं जरी बोललो असतो तरी त्यांना कळलं असतं. मला खोटं नाय जमत. पाय दुखतो म्हणून सांगितलं.'

मी विचारलं, कधीपासून?

'तुम्ही सांगितलंत ना, त्याच आठवड्यापासून.'

सही मी केली होती. अकरा पानं मी तपासली होती, कोण बघणार, कुठे ठेवणार, कधी पुसणार, किती दिवस गप्प बसणार. ज्याचं नाव त्या कागदात घ्यायला नकार मिळाला होता, त्याने कागद न बघता तो माझ्यापेक्षा कडक पाळला होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायला हवी होती, किंवा तुम्ही असं का केलंत म्हणून रागवायला हवं होतं. त्याआधीच काका म्हणाले, उद्या बोलू, आता त्या भागाला काय म्हणायचं ते विचार करून ठेवतो, आणि त्यांनी फोन ठेवला.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. वीस महिन्यांचे गुरुवार मोजायला गेले आणि ऐंशीच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. त्यातल्या प्रत्येक गुरुवारी चार वाजता काका सिडकोतल्या घरी एकटे होते, मी इथे एकटी होते, आणि ते कामावर असतील म्हणून मी फोन केला नव्हता.